‘प्रसाद’ लिहायचं की ‘महाप्रसाद’? मोहल्ल्यातल्या भजनाचं आवतन करताना

आमच्या मोहल्ल्याच्या भजनाचं आवतन लिहायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी कागदावर झोकात लिहिलं होतं, ‘भजनानंतर महाप्रसादाचा लाभ घ्यावा.’ नुसतं ‘प्रसाद’ कसंतरीच दिसत होतं, म्हणून मागे ‘महा’ जोडला. त्या रात्री आरती झाली, हातावर चमचा चमचा शिरा पडला आणि मागच्या सतरंजीवरून एका मावशींनी विचारलं, “काहो भाऊ, जेवाचं केव्हा हाय? आमच्या घरी त आज चूलच पेटवली नाई.”

आपल्याकडे महाप्रसाद म्हणजे पोटभर जेवण, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लिहिताना ते डोक्यात नव्हतं. त्या दिवशी किती घरांतली माणसं उपाशी झोपली, ते मी मोजलं नाही, पण पुढचे काही महिने गल्लीतून जाताना कोणी ना कोणी “महाप्रसाद भाऊ” म्हणून हाक मारायचंच.

म्हणून नवीन माणसाला पहिली सूचना ही, की आवतन सगळ्यात शेवटी लिहायचं. आधी तारीख आणि वेळ, मग जागा, मग प्रसाद ठरवायचा. हे तिन्ही पक्के झाले की आवतन पाच मिनिटांत होतं. उलटं केलं, तर कागदावर जे लिहिलं त्याच्यामागे मंडळाला धावावं लागतं.

खाली मी एकच उदाहरण घेऊन चाललो आहे. मोहल्ल्यात बासष्ट घरं, मारुतीच्या देवळापुढचं पटांगण, डिसेंबरातला शनिवार आणि शेजारच्या गावाहून येणारं बारा जणांचं खंजिरी भजन मंडळ. घरटी दोन माणसं धरली तर सव्वाशे होतात. त्यात पाहुणे मंडळ आणि कोणाकडे आलेले सोयरे मिळवले की दीडशे.

तारीख

कॅलेंडर घेऊन बसताना मंडळात एखादी म्हातारी आजी हवीच, कारण उपास तिच्या पाठ असतात. एकादशी असेल तर रव्याचा शिरा चालत नाही. मग साबुदाण्याची उसळ, केळी किंवा शेंगदाण्याचे लाडू करावे लागतात आणि सगळा हिशेब बदलतो. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत बायका घर सोडत नाहीत, आणि चंद्र नेमका आपल्या भजनाच्या वेळेतच उगवतो. गुरुवारी गजानन महाराजांचा उपास करणारी घरं आपल्याकडे बरीच आहेत. तालुक्याच्या बाजाराचा दिवसही टाळा, त्या दिवशी माणसं उशिरा आणि थकून येतात.

६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन असतो. त्या दिवशी आपल्या पटांगणात भोंगा लावून भजन ठेवू नये. गाव सगळ्यांचं असतं. आम्ही या सगळ्यांतून काढत काढत १३ डिसेंबर, शनिवार ठरवला.

एक अडचण कॅलेंडरात सापडत नाही. शेतातल्या पंपाची लाइन कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री आहे, ते विचारून घ्या. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असेल आणि लाइन रात्रीची असेल, तर निम्मे पुरुष शेतात असतात. एका वर्षी आमच्याकडे पेटी वाजवणाराच ओलिताला गेला होता.

वेळ शेवटाकडून मोजा

नवीन मंडळं वेळ ठरवताना ‘सुरू किती वाजता’ यावर भांडतात. तुम्ही ‘संपणार किती वाजता’ इथून सुरुवात करा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण आपला साधा शनिवार त्यात येत नाही. उघड्यावर रात्री वाजणारी वाद्यंही या नियमात येतात. त्यामुळे ‘दहानंतर माईक बंद करून खंजिरीवर चालू ठेवू’ हा जो सल्ला दर वेळी कोणीतरी देतं, तो ऐकू नका. स्पीकरसाठी लेखी परवानगीही लागते. पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्या आणि परवानगीचा कागद त्या रात्री खिशात ठेवा.

म्हणजे शेवटची रेघ दहाची. आरती आणि पसायदानाला पंधरा मिनिटं, म्हणून आरती ९.४५ ला. भजन रंगायला दीड तास तरी हवा, म्हणून सुरुवात ८.१५ ला. त्याच्या आधी लोकांना यायला मोकळीक म्हणून आवतनात ८ लिहायचे.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. डिसेंबर म्हणजे कापूस वेचायचे दिवस. बाया दिवसभर वेचणीला असतात, दिवस मावळता घरी येतात, मग चूल, भाकरी आणि लेकरं. साडेसातच्या आत त्या मोकळ्या होत नाहीत. तुम्ही सात लिहिलेत तरी आठलाच येणार, आणि पाहुणे मंडळ तासभर रिकाम्या सतरंज्यांपुढे बसून राहणार. ज्या गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तिथे सातची वेळ तशीही तिच्यावर जाऊन आदळते. आठ हीच वेळ दोन्ही बाजूंनी बसते.

आवतनात संपायची वेळ लिहायला लोक लाजतात. मंडळातले एक काकाजी मला म्हणाले होते, “देवाच्या कामाला कायचा टाइम लिहता?” पण माझा अनुभव असा आहे की ‘आरती ९.४५’ हे वाचूनच बाया येतात. पहाटे पाचला उठायचं असतं त्यांना. किती वेळ बसावं लागेल हे कळलं की बसायची तयारी होते.

पाहुण्या मंडळाला मात्र वेगळी वेळ सांगायची, आणि ती साताची. त्यांना हातपाय धुऊन जेवायला हवं, खंजिरी तापवायला किंवा ताणायला वेळ हवा, पेटी आणि ढोलकीचा सूर जुळवायचा असतो. थंडीच्या दवानं खंजिरीचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. हे त्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं, म्हणून एका कोपऱ्यात निखाऱ्यांचं घमेलं ठेवून द्यावं. त्यांच्या जेवणाचं यजमान घर आधीच ठरवा. ‘कोणीतरी बोलावेल’ यावर सोडलं की बारा माणसं चहावर भजन करतात.

बैठक

मांडी घालून बसलेल्या माणसाला दोन फूट रुंद आणि अडीच फूट लांब एवढी जागा लागते, म्हणजे पाच चौरस फूट. दीडशे माणसांना साडेसातशे. भजन मंडळाला गोलात बसायला, मधे वाद्यं ठेवायला बारा बाय दहा, म्हणजे एकशे वीस. मधून प्रसाद वाटणाऱ्यांना जायला तीन फुटांची वाट तीस फूट लांब, म्हणजे नव्वद. सगळे मिळून ९६० चौरस फूट होतात. आमचं पटांगण तीस बाय पस्तीस, म्हणजे १०५०. बसतं, पण ऐसपैस नाही. तुमचा हिशेब पटांगणाच्या बाहेर जात असेल, तर आधी जागा बदला. माणसं कमी बोलावू म्हणू नका, एक घर सुटलं तर ते वर्षभर पुरतं.

सतरंज्यांचं माप प्रत्येक गावात वेगळं असतं, म्हणून मोजून घ्या. आमच्या दहा बाय बाराच्या आहेत, एकीवर चोवीस माणसं बसतात. लोकांना सात आणि मंडळाला एक, अशा आठ लागल्या. त्यातल्या तीन शाळेच्या, दोन समाजमंदिराच्या आणि बाकीच्या घरांतल्या. आणतानाच कोपऱ्याला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवला, तर परत करताना भांडण होत नाही. शाळेची सतरंजी सोमवारी सकाळी पोरांना बसायला लागते, ते विसरू नका.

डिसेंबरात आठनंतर दव पडू लागतं आणि जमीन खालूनही गार येते. नुसती सतरंजी टाकली की तासाभरात म्हातारी माणसं उठून जातात. खाली सोयाबीनच्या कुटाराचा पातळ थर, त्यावर ताडपत्री आणि त्यावर सतरंजी टाकली की बसणाऱ्याला उब मिळते. कुटार आदल्या दिवशी उन्हात पसरवून झाडून घ्या. ढिगातून थेट आणलं तर विंचू येऊ शकतो, आणि कोपऱ्यात अंधार राहिला तर तो दिसणारही नाही. म्हणून एक दिवा मंडळावर आणि दुसरा चपलांच्या जागेवर हवाच. वीज जवळच्या घरच्या मीटरवरून घ्या. तारेवर आकडा टाकायची सूचना आली, तर ती करणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून घरी पाठवा.

मंडळ कुठे बसवायचं, यावर माझं मत पक्कं आहे. देवळाच्या ओट्यावर स्टेजसारखं चढवू नये. खंजिरी भजन हे समोर बसून ऐकायचं गाणं नाही. मुख्य गाणारा ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. ते उचलणारे मागे लोकांत मिसळलेले असले, की पहिल्या दोन रांगांतली माणसं आपोआप गाऊ लागतात. आम्ही देवाकडे तोंड होईल असा अर्धा गोल जमिनीवरच करतो. त्याच्या लगेच मागे लहान पोरं, उजवीकडे बाया, डावीकडे पुरुष आणि मधे ती वाट. पोरांना मागे ठेवलं तर ती चपलांत खेळतात आणि तो आवाज सगळ्यात पुढे ऐकू येतो.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी दहा-बारा खुर्च्या, पण कडेला आणि भिंतीला लागून. खुर्च्या पुढे ठेवल्या की त्यांच्यावर गावातली वजनदार माणसं येऊन बसतात आणि मागच्यांना देव दिसत नाही. हे मी दोनदा होऊ दिलं आहे. आता खुर्च्या मांडताना पहिल्या दोन खुर्च्यांवर मी स्वतः दोन आज्यांना नेऊन बसवतो. मग कोणी उठा म्हणत नाही.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. दीडशे माणसांना खांद्याच्या उंचीवर ठेवलेले दोन लहान बॉक्स पुरतात. झाडावरचा भोंगा शिवारात ऐकू जातो आणि समोर बसलेल्याला शब्द कळत नाहीत.

प्रसाद

आधी मंडळात एकाच प्रश्नाचं उत्तर घ्या. हातावरचा प्रसाद की जेवण?

जेवण म्हणजे आलुभात किंवा वरण-भात-पोळी-वांग्याची भाजी. त्यात स्वयंपाकाचा खर्च आणि माणसं तर वाढतातच, पण खरी अडचण वेळेची असते. दीडशे माणसांच्या पंचाहत्तर-पंचाहत्तरच्या दोन पंगती, प्रत्येकीला अर्धा-पाऊण तास. आरतीनंतर बसवल्या तर साडेअकरा वाजतात आणि दुसऱ्या पंगतीतली लेकरं झोपलेली असतात. आधी बसवल्या तर बायांना वेचणीवरून आल्या आल्या निघावं लागतं, आणि जेवून माणसं घरी जातात, भजनाला थांबत नाहीत. सप्ताहाच्या काल्याला जेवण ठीक आहे, तेव्हा अख्खा दिवस हाताशी असतो. एका संध्याकाळच्या भजनाला, आणि तेही पहिल्यांदाच करताय तर, हातावरचा प्रसाद ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा.

आता शिऱ्याचा हिशेब. बसलेली माणसं दीडशे असली तरी दीडशे प्रसादांवर भागत नाही. आजारी सासू, झोपलेलं लेकरू, जागलीला गेलेला मुलगा यांच्यासाठी लोक घरी नेतात, आणि न्यायलाच हवा. आम्ही त्यासाठी चाळीस जास्तीचे धरतो. एकशे नव्वद झाले.

सव्वा किलोच्या मापानं दोन घाणे करायचे. एका घाण्याला सव्वा किलो रवा, सव्वा किलो साखर, साधारण पाऊण किलो तूप आणि दूध-पाणी मिळून तीन लिटर. त्याचा पावणेसहा ते सहा किलो शिरा उतरतो. दोन घाण्यांचे साडेअकरा-बारा किलो. एका द्रोणात साठ ग्रॅम, म्हणजे एक भरलेला डाव, धरला की एकशे नव्वद ते दोनशे द्रोण निघतात. म्हणजे अगदी काठावर. म्हणून दोन किलो फुटाणे आणि साखरफुटाणे मिसळून एका डब्यात झाकून ठेवा. शिरा संपला तर शेवटच्या ओळीला मूठभर हेच द्यायचं. शिरा पुरला तर पोरांच्या खिशात घालायचे.

अडीच किलोचा एकच घाणा करायचा मोह होतो. करू नका. एवढा रवा घरच्या कढईत एकसारखा भाजत नाही. तळाचा करपतो, वरचा कच्चा राहतो, आणि पाणी ओतताच कच्च्या रव्याच्या गाठी होतात. रवा नीट भाजला गेला की हलका होतो, उलथनं सहज फिरतं आणि वास बदलतो. पाणी उकळतंच घालायचं, साखर रवा फुलल्यावर घालायची. आधी साखर पडली की रवा फुलायचा थांबतो आणि शिरा दाताखाली कचकच लागतो.

पहिला घाणा आठला चढवा, दुसरा पावणेनऊला. साडेनऊला दोन्ही गंज झाकून तयार. दुपारी करून ठेवू नका. दूध घातलेला शिरा पाच-सहा तास झाकून राहिला की आंबूस वास येऊ शकतो, आणि दीडशे पोटांचा प्रश्न असतो. वारा गाणाऱ्यांकडून चुलीकडे जाईल अशा बाजूला चूल मांडा, नाहीतर गाणाऱ्यांच्या घशात धूर जातो. शिरा करणाऱ्या बाया भजन ऐकायला मुकतात, म्हणून पुढच्या वेळी पाळी बदला. त्यांच्यासाठी चार द्रोण आधीच बाजूला काढा. वाटणारे शेवटी त्यांनाच विसरतात.

द्रोण पळसाचे घ्या. चकचकीत प्लास्टिकचे द्रोण दुसऱ्या दिवशी गाई-ढोरं खातात. पळसाचे सरळ उकिरड्यावर जातात.

वाटप जागेवरच. दारात रांग लावली की ढकलाढकली होते आणि मागच्यांना वाटतं आपल्याला पुरणार नाही. नैवेद्य दाखवला की चार पोरांच्या दोन जोड्या, प्रत्येकीकडे तीन-चार सतरंज्या. आधी एक जण रिकामे द्रोण देत जाईल, दुसरा मागून शिरा वाढत जाईल. घरी न्यायचा प्रसाद वाटप पूर्ण झाल्यावर, देवळाच्या पायरीवर एकाच माणसाकडून द्यायचा. हे आरतीनंतर माईकवरून एकदाच सांगा, म्हणजे कोणी दोन द्रोणांसाठी वाटणाऱ्या पोराशी हुज्जत घालत नाही.

आता लिहा

एवढं ठरलं की मग कागद घ्या. आम्ही हे पाठवलं होतं:

*॥ श्री मारुती प्रसन्न ॥*
*सप्रेम जय हरी.*
*आपल्या मोहल्ल्यात शनिवार, दि. १३ डिसेंबर रोजी खंजिरी भजनाचा कार्यक्रम ठेवला आहे.*
*ठिकाण: मारुती मंदिराचे पटांगण.*
*वेळ: रात्री ८ वाजता. आरती ९.४५ वाजता.*
*बैठक सतरंजीवर आहे. वयस्कर मंडळींसाठी खुर्च्या आहेत. थंडी आहे, शाल-स्वेटर सोबत आणावे.*
*आरतीनंतर शिऱ्याचा प्रसाद मिळेल. जेवण घरून करून यावे, ही विनंती.*
*घरातल्या सर्वांना आवतन आहे.*
*आपले, मोहल्ल्यातील भजन मंडळ.*

‘जेवण घरून करून यावे’ या ओळीवर मंडळात अर्धा तास वाद झाला. असं लिहिणं कोरडं वाटतं, असं म्हणणं होतं. मला विचाराल तर तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. ज्या दिवशी खरंच जेवण असेल त्या दिवशी ‘चूलबंद आवतन आहे’ असं लिहा. मग घरी कोणी चूल पेटवत नाही आणि तुम्हाला प्रत्येक घरातल्या प्रत्येक तोंडाचं अन्न शिजवावं लागतं. ‘घरातल्या सर्वांना’ आणि ‘चूलबंद’ यात हाच फरक आहे, तो नवीन माणसाला माहीत असायला हवा.

वर्गणी देणाऱ्यांची नावं आवतनात घालू नका. एक नाव सुटतं आणि तो माणूस भजनाला येत नाही. रवा कोणी दिला, तूप कोणी दिलं, ते आरतीच्या वेळी तोंडी सांगा.

पहिलं आवतन अक्षतांसह मारुतीपुढे ठेवायचं. दुसरं पाहुण्या मंडळाला, त्यांच्या गावी जाऊन, सुपारी देऊन. त्यांना फोनवर बोलावलं तर ते येतील, पण येतील तेव्हा. बाकीच्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर चार दिवस आधी टाका, आणि आदल्या संध्याकाळी दोघांनी बासष्ट घरं पायी फिरा. दोघांत एक बाई असावी, म्हणजे दारातून नाही तर थेट चुलीपर्यंत आवतन पोचतं. मोबाइलवर मेसेज वाचलेला माणूसही म्हणतो, “घरी कोणी आलं नाई सांगाले.” आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

घरं फिरताना हातात वही ठेवा. ‘दोन येऊ’, ‘सासरचे आले आहेत, सहा येऊ’, असं जे ऐकाल ते लिहीत जा. आमच्या त्या फेरीत आकडा एकशे अडुसष्ट झाला, तेव्हा रात्री नऊला दुकान उघडायला लावून अर्धा किलो रवा, तेवढीच साखर आणि एक शिल्लक सतरंजी आणावी लागली. दुसऱ्या दिवशी एकशे साठेक आले. शिरा नऊ द्रोण उरला. तो शिरा केलेल्या बायांनी नेला आणि फुटाण्याचा डबा पोरांनी कधी रिकामा केला ते कोणी पाहिलं नाही.